कथा : मास्तरांची गाडी (आणि शेवटी व्यवहाराबद्दल एक शंका)

नीलकांत_बार्शी

बऱ्याच दिवसांनी काही लिहिलं आहे. कथा छोटी आहे. आधी वाचा, शंका खाली आहे.

बबन मास्तरांचं दुकान बार्शीत, बाजाराच्या मागच्या बोळात. एक पायमशीन, एक इंटरलॉक, कापायचं टेबल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी माप-फर्मे. मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश, एरवी पँटी आखूड करणं, चेन बदलणं, साड्यांना फॉल-पिको. शिवलेल्या गणवेशाची गाठोडी सायकलच्या कॅरियरला बांधून ते कापडवाल्याकडे पोचवायचे. पावसात गाठोडं भिजलं की कापडवाला बोलायचा आणि मास्तर गप्प बसायचे.

गाडी घ्यायची म्हणून त्यांनी पिग्मी लावली. रोज चाळीस रुपये. पतसंस्थेची सुवर्णा संध्याकाळी बोळात शिरली की मास्तर गल्ल्यातनं चार नोटा काढून ठेवायचे. जूनमध्ये शंभरसुद्धा द्यायचे, श्रावणात कधी वीस. मध्ये थोरलीच्या बाळंतपणाला मोडली, एकदा बायकोच्या गुडघ्याला. असं करत करत सहाव्या वर्षी खात्यावर 38 हजार झाले.

गाडी कापडवाल्याच्या पोऱ्यानं मोबाइलवर दाखवली. तीन वर्षं जुनी अ‍ॅक्टिव्हा, राखाडी, मीटर 8,900 किलोमीटर, भाव 34 हजार. तशाच गाडीला बाजारात 55 सांगत होते.

मालक म्हणवणारा माणूस गाडी घेऊन एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याकडे आला. पस्तिशीचा, बोलायला गोड. "मास्तर, मला पुण्याला कंपनीची गाडी मिळाली, ही नुसती उभी राहती. तुमच्यासारख्या माणसाकडं गेली तर बरं." आरसीची झेरॉक्स दिली, विम्याचा कागद दिला, गाडी नावावर करायचे, सही करून ठेवलेले टीटी फॉर्म दिले. फक्त रोख हवी होती, आणि आजच. सोलापूरवरून आणखी एक गिऱ्हाईक निघालं होतं म्हणे.

मास्तरांनी गाडीला एक चक्कर मारली. इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं. सीटवर हात मात्र आपोआप गेला. मागच्या कडेची शिवण त्यांनी अंगठ्यानं चाचपली. टाका मोठा होता, आणि टाक्याच्या शेजारी रिकाम्या भोकांची एक जुनी रांग होती. कापडातलं भोक धुतलं की मिटतं, रेक्झिनमधलं मिटत नाही. हे सीट कुणीतरी उसवून पुन्हा शिवलं होतं.

"सीट का उसवलं?"

"कुठं उसवलंय? कंपनीचंच आहे."

एवढंच झालं. तो खरं बोलला असता, मांजरानं फाडलं म्हणाला असता, तर मास्तरांनी तिथंच पैसे मोजले असते. तसे पैसे सकाळीच काढून आणलेले, आतल्या खिशात होते. "उद्या देतो," म्हणून ते उठले. माणूस चिडला, मग दोन हजार कमी करतो म्हणाला. मास्तर आणखी घाबरले.

संध्याकाळी सुवर्णा आली. मास्तरांनी कागद पुढे केले. तिनं गाडीचा नंबर मोबाइलवर टाकला, मग विम्याचा कागद उलगडून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "मामा, हे फायनान्स कंपनीचं नाव आहे. गाडीवर कर्ज आहे. आणि आरसीची मागची बाजू कुठाय? त्यानं पुढचीच झेरॉक्स दिलीय."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फोन केला नाही. त्या माणसाचा फोन सारखा येत राहिला. जेवायच्या सुट्टीत मास्तर पतसंस्थेत गेले आणि पैसे परत भरून आले.

संपली. आता शंका. एक, हा व्यवहार तुम्हाला पटतो का? असे लोक खरंच अशा भावात गाड्या विकतात का, की मी फारच उघड चोर उभा केलाय? दोन, सुवर्णा मोबाइलवर बघते आणि गाठ सुटते, हे फार सोपं झालंय असं बायको म्हणते. गाड्यांच्या खरेदी-विक्रीतलं कळणाऱ्यांनी सांगावं.

---

खारीबिस्कीट

छान. पु.ले.शु. मला वाटलं शेवटी मास्तर सुवर्णाच्या मागे बसून घरी जाणार.

---

अवंती_द

कथा आवडली. "मास्तर आणखी घाबरले" हे वाक्य फार आवडलं. भाव कमी केला की माणूस घाबरतो हे अगदी खरं आहे. फक्त "बोलायला गोड" वगैरे काढा. ठग गोड बोलतो हे आम्ही धरूनच चालतो.

---

निरागस_नाग्या

माझ्याकडेपण 2018ची अ‍ॅक्टिव्हा आहे, राखाडीच. किती येतील? सीट ओरिजिनल आहे.

---

खारीबिस्कीट

नाग्या, हा कथेचा धागा आहे रे. विक्रीचा विभाग वेगळा.

---

सुईदोरा

माझे आजोबा आणि वडील दोघंही टेलर, म्हणून शिवणीबद्दल बोलते.

रेक्झिनच्या भोकाचं अगदी बरोबर आहे. लेदर किंवा रेक्झिनवर चुकीची शिवण मारली की पीस वाया. वडील रेक्झिनच्या पिशव्या शिवायला घेतच नसत त्यामुळे. पण साध्या पायमशीनवर सीट शिवत नाहीत, सुई मोडते. सीट शिवणाऱ्यांकडे जाड कामाचं मशीन असतं आणि त्याचा टाका मोठाच असतो. कंपनीतल्या सीटचाही टाका बारीक नसतो. तेव्हा "टाका मोठा होता" एवढ्यावर मास्तरांना संशय येणार नाही. रिकाम्या भोकांची रांग हाच खरा पुरावा, तेवढाच ठेवा. शिवाय ते आधी दोऱ्याकडे बघतील. उन्हातल्या सीटचा दोरा तीन वर्षांत विटतो. सगळं सीट विटलेलं आणि एकाच कडेचा दोरा कोरा काळा असेल, तर टेलरला दोन हात लांबूनही दिसेल.

आणि गणवेश मे-जूनमध्ये "पोचवतात" हे खरं, पण शिवायला मार्चपासूनच सुरुवात होते. जूनमध्ये फक्त बोलणी खायची असतात.

---

नीलकांत_बार्शी

सुईदोरा, दोऱ्याचं उचललं! टाका काढतो.

---

पाना_पक्कड

माझं गॅरेज आहे. सीटवरून काही ठरत नाही राव. रोज आमच्याकडे सीट फाटलेल्या गाड्या येतात. ऊन, मांजर, कुत्री, किल्लीचा जुडगा, कशानंही फाटतं. आठ हजार चाललेल्या गाडीचंही फाटतं.

मास्तरांनी टायर बघायला पाहिजे होतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे 3524 असेल तर 2024च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. तीन वर्षं जुन्या गाडीला मागचं टायर गेल्या वर्षीचं असेल, तर 8,900 मध्ये टायर का बदललं विचारायचं. एवढ्यात मागचं टायर संपत नाही. पंक्चर होऊन फाटलं असेल, तेही होतं, पण मग पुढचं टायर जुनं दिसायला पाहिजे. दोन्ही नवी म्हणजे गाडी भरपूर पळालीय आणि मीटरची केबल काढून ठेवलेली होती.

मॅट बघा, ब्रेकच्या लिव्हरवरचा रंग बघा, स्टँडची टाच बघा. मीटर खोटं बोलतं, स्टँडची टाच बोलत नाही. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला केलेली सर्व्हिसिंग गाडीच्या नंबरावर नोंदलेली असते, त्यात त्या वेळचे किलोमीटर असतात. मालकाला सोबत घेऊन गेलं तर दाखवतात.

---

अवंती_द

पण टेलर टायर कशाला बघेल? त्याला सीटच दिसणार. कथा आहे ती, गॅरेजची पावती नाही.

---

पाना_पक्कड

बरोबर आहे ताई. पण मग कथा वाचून लोक सीट बघत बसतील.

---

भाऊ_आरटीओवाले

चाळीस वर्षं आरटीओच्या दारात टेबल टाकून बसलो, आता मुलगा बसतो. नीलकांतराव, व्यवहार पटतो. पण त्यात तुम्हाला जे महत्त्वाचं वाटतंय ते नाही आणि जे खरं महत्त्वाचं आहे ते कथेत आलंच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता, 55 ची गाडी 34 ला म्हणजे फार स्वस्त. मी विचारतो, मधले 21 हजार गेले कुठं? ते त्या माणसानं सोडले नाहीत. ते फायनान्स कंपनीचे आहेत. समजा गाडीवर अजून 21 हजार बाकी आहे. सरळ माणूस काय करेल? गाडी 55 ला विकेल, 21 कंपनीला भरेल, 34 घरी नेईल. हा माणूसही 34 च घरी नेणार आहे. फरक एवढाच, की 21 भरायचे त्यानं मास्तरांच्या डोक्यावर ठेवलेत आणि सांगितलेलं नाही. म्हणजे गाडी स्वस्त नाहीच. पुरती बाजारभावाची आहे, फक्त उरलेलं बिल नंतर येणार.

आणि ते कसं येतं तेही सांगतो. हप्ते थकले की कंपनीची वसुलीची माणसं गाडीचे नंबर घेऊन फिरतात. गाडी कोण चालवतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, बोजा गाडीवर आहे. मास्तर गाठोडं घेऊन कापडवाल्याच्या दारात उभे असताना गाडी जाणार. मास्तर म्हणणार, मी पैसे दिलेत. ते म्हणणार, कुणाला दिलेत?

ते सही केलेले टीटी फॉर्मही बघा. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म असतात, विकणाऱ्यानं कळवायचं आणि घेणाऱ्यानं अर्ज करायचा. लोकांना वाटतं सह्या मिळाल्या की गाडी आपली. पण गाडीवर बोजा असेल तर फायनान्सवाल्याच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. त्या सह्यांचा मास्तरांना कागदी फर्म्याइतकाही उपयोग नव्हता.

---

खारीबिस्कीट

भाऊ, तुमचं "कुणाला दिलेत?" हेच कथेचं शेवटचं वाक्य करा.

---

परदेशस्थ_पक्या

भाऊंच्या हिशोबातून एक सुचलं. मास्तरांकडे 38 आहेत, भाव 34. मग त्यांनी सरळ म्हणावं ना, की चल फायनान्सच्या ऑफिसात, 34 मधले 21 तिथं भरतो आणि उरलेले 13 तुला देतो. गाडी मोकळी, मास्तर खूश. सुवर्णा पतसंस्थेतली आहे, तिला हे सुचायला हवं होतं. मी इथे गाडी घेतली तेव्हा कर्जाचे पैसे थेट बँकेला दिले होते.

---

भाऊ_आरटीओवाले

पक्याभाऊ, रस्ता तुमचा बरोबर आहे, आकडा चुकला. 13 हजारांत तो माणूस गाडी का देईल? त्याला 34 हवेत. तुमच्या रस्त्यानं गेलं तर मास्तरांना 21 कंपनीला आणि 34 त्याला, म्हणजे 55 च लागणार. तेवढे त्यांच्याकडे नाहीत.

पण प्रश्न विचारायलाच हवा होता, कारण उत्तरावरून माणूस कळतो. "कंपनीकडून आजची बाकी लेखी आणा, पैसे मी कर्जखात्यावर भरतो" म्हटल्यावर सरळ माणूस म्हणतो, चला, फक्त भाव वाढेल. दुसरा म्हणतो, त्याची काय गरज, मी भरतो ना, तुम्ही मला रोख द्या. हा दुसरा भेटला की चहाचे पैसे देऊन उठायचं.

---

दिगूकाका

धागा वाचून आमच्या वडिलांची आठवण आली. बजाज चेतकसाठी नंबर लावायचा जमाना होता, वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. गंमत म्हणजे तेव्हा जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग असे! नव्याची किंमत ठरलेली, पण ती मिळणार कधी हे देवालाच ठाऊक. जुनी आज मिळते, म्हणून तिला वर पैसे. ज्याचा नंबर लागला तो गाडी घेऊन लगेच फायद्यात विकत असे. लग्नात हुंड्याबरोबर बुकिंगची पावती मागणारे वरपिते मी पाहिले आहेत. त्या वेळी एखादा जुनी स्कूटर स्वस्तात देतो म्हणाला असता तर लोकांनी पोलिसच बोलावले असते.

---

अवंती_द

काका, ही वेगळी कथा होईल. लिहाच.

---

राजू_सोलापुरी

एवढं काय अवघड करालाव सगळेजण. मी आतापर्यंत ज्या जुन्या गाड्या घेतल्या त्या सगळ्या स्टॅम्पपेपरवर. नोटरी केली, दोन साक्षीदार घेतले, विषय संपला. ओरिजिनल आरसी हातात असली की आपल्याला कोण विचारतंय. मास्तरांनी झेरॉक्स घेतली इथं चुकलं, ओरिजिनल घ्यायची.

---

भाऊ_आरटीओवाले

राजूभाऊ, ओरिजिनल मागायची हे शंभर टक्के बरोबर. मागची बाजू बघायची, बोजा असेल तर तिथं कंपनीचं नाव असतं. झेरॉक्स एकाच बाजूची मिळाली तर ती मुद्दाम तशीच दिलेली असते. नीलकांतरावांनी हा बारकावा छान पकडलाय.

पण नोटरीनं मालक बदलत नाही. तो फक्त तुमचा आपसातला कागद. आरटीओच्या नोंदीत नाव जुन्याचंच राहतं. उद्या अपघात झाला तर नुकसानभरपाईला नोंदीतला मालक जबाबदार, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्या खटल्यात गाडी एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला अशी विकत गेली होती आणि भरपाई पहिल्याच्या अंगावर आली. तुमचं काही जात नाही असं वाटेल, पण तुम्ही गाडी विकायला काढाल तेव्हा तो पहिला मालक शोधत फिराल. आता अर्ज ऑनलाइन आहे आणि ओटीपी नोंदीतल्या मोबाइलवर जातो. मालक सापडला नाही तर गाडी तुमच्या दारात, कागद त्याच्या नावावर.

---

राजू_सोलापुरी

माझ्या एका गाडीचा मालक नांदेडचा आहे, फोन उचलत नाही. आता काय?

---

खारीबिस्कीट

आता शंभरच्या स्टॅम्पवर भागत नाही राजूभाऊ, पाचशेचा घ्यावा लागतो. तुमची पद्धत महागली.

---

भाऊ_आरटीओवाले

राजूभाऊ, आरसी घेऊन मुलाकडे या. नांदेडची गाडी सोलापुरात करायची तर तिथल्या कार्यालयाची एनओसी लागेल, 28 नंबरचा फॉर्म. तोही मालकाच्या सहीनं. बघू काय होतं ते, शब्द देत नाही.

---

मधुरा_पिग्मीवाली

मी एका पतसंस्थेत काम करते, पिग्मी विभागातच. सुवर्णा वाचून बरं वाटलं, आम्हाला कुणी कथेत घेत नाही.

दोन गोष्टी खटकल्या. मास्तर सकाळी उठून 38 हजार काढून आणतात आणि दुसऱ्या दिवशी "परत भरून" येतात, असं पिग्मीत होत नाही. पिग्मी बंद केली की खातं बंद, परत तेच चालू होत नाही, नवीन उघडावं लागतं. आणि मुदतीच्या आधी मोडली तर व्याज तर नाहीच, वरून एजंटच्या कमिशनपोटी काही कापतात. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आहे. पाच-सहा वर्षं एकच पिग्मी चालत नाही, वर्षानं संपते, मग ती रक्कम ठेवीत टाकतात आणि पुन्हा चाळीस चालू. मास्तरांचे पैसे ठेवीत असणार. ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज घेता आलं असतं, तेही सुवर्णानं सांगितलं असतं.

दुसरं म्हणजे, एजंटला हे आधीच कळतं. मोठी रक्कम काढायला माणूस आला की आम्ही विचारतोच, "मामा, काय काढलं?" चौकशीखोरपणा म्हणा. मास्तरांनी गाडीचं नाव काढलं असतं तर सुवर्णानं पैसे काढायच्या आधीच नंबर विचारला असता.

---

नीलकांत_बार्शी

मधुराताई, हे मला माहीत असायला हवं होतं. म्हणजे मास्तरांनी तिच्यापासून लपवून पैसे काढले असं करावं लागेल. आणि ते बरोबरच वाटतंय. सहा वर्षं रोज जिच्याकडे चाळीस रुपये दिले तिला सांगायला त्यांना संकोच वाटला असेल. ती "नको" म्हणेल अशी भीती.

---

अवंती_द

हे आधीच्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे! हेच घ्या.

---

निरागस_नाग्या

इथलं वाचून मी माझ्याच गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून बघितला. माझ्या गाडीवरपण फायनान्स कंपनीचं नाव येतंय!! माझं कर्ज कधीच फिटलंय, हप्ते बँकेतून कापून गेले, बाकी शून्यचा मेसेजपण आहे. म्हणजे माझी गाडी पण ठगाची का? 😟

---

भाऊ_आरटीओवाले

नाग्या, तुझ्या प्रश्नानं कथेला पहिल्यांदा खरा घोळ मिळाला.

कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरतोच असं नाही. कंपनीची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म, त्यावर कंपनीचा सही-शिक्का, हे आरटीओत द्यावं लागतं. ते न करणारे खूप आहेत, कारण गाडी विकेपर्यंत काही अडत नाही. एनओसीला मुदत असते, बहुतेक तीन महिने, ती टळली की कंपनीकडून परत नवी आणायची. तू आता लगेच कंपनीला अर्ज दे. विम्याच्या कागदावरचंही नाव काढून घे, नाहीतर गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी त्यांचीच एनओसी मागतील.

आता नीलकांतराव, याचा अर्थ असा, की मोबाइलवर कंपनीचं नाव दिसलं म्हणजे कर्ज बाकी आहे असं सिद्ध होत नाही. तुमचा ठग हुशार असेल तर म्हणेल, "कर्ज कधीच फिटलंय मास्तर, नाव काढायचं राहिलंय." आणि अशी खरी माणसं नाग्यासारखी ढिगानं आहेत. सुवर्णा म्हणते "गाडीवर कर्ज आहे". ती एवढंच म्हणू शकते की बोजा नोंदलेला आहे. एनओसी दाखव म्हटल्याशिवाय पुढचं कळत नाही.

---

पाना_पक्कड

आणि एनओसीपण छापून आणतात लोक. एका गिऱ्हाइकाकडं पाहिली, लेटरहेड एका कंपनीचं आणि शिक्का दुसऱ्या शहरातल्या शाखेचा.

---

भाऊ_आरटीओवाले

म्हणून शाखेत स्वतः जायचं, कर्जखात्याचा नंबर सांगून विचारायचं. मालक सोबत असेल तर सांगतात. मालक सोबत यायला तयार नसेल, तर उत्तर मिळालंच.

---

मधुरा_पिग्मीवाली

भाऊंना अनुमोदन. आमच्याकडे असे लोक येतात. हातात एनओसी असते आणि खात्यावर चार हप्ते थकीत असतात.

---

परदेशस्थ_पक्या

म्हणजे बायको म्हणते ते खरं, नीलकांत. मोबाइलवर गाठ सुटते हे सोपं झालंय. सुवर्णानं उत्तर देऊ नये, तिनं मास्तरांना एक प्रश्न द्यावा आणि मास्तरांनी तो फोनवर विचारावा.

---

नीलकांत_बार्शी

सगळ्यांचं घेऊन शेवट पुन्हा लिहिला. सीट आणि कोरा दोरा तसाच आहे, पैसे त्यांनी सुवर्णाला न सांगता ठेव मोडून आणलेत. पुढचं असं :

संध्याकाळी सुवर्णा आली तेव्हा मास्तरांनी नेहमीचे चाळीस पुढे केले. ती घेईना. "मामा, ठेव मोडली म्हणं आज. मला सांगितलं नाही." मास्तरांनी खालमानेनं कागद काढून दिले. ती बराच वेळ विम्याचा कागद वाचत राहिली. "हे फायनान्सचं नाव आहे. कर्ज फिटलं असेल किंवा नसेल, मला नाही सांगता येणार. तुम्ही त्यांना फोन लावा, आणि म्हणा उद्या कंपनीच्या ऑफिसात भेटू, पैसे तिथंच देतो."

मास्तरांनी फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, कारण बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. समोरचा आधी हसला. "फिटलंय हो मास्तर ते, नुसतं नाव राहिलंय. एनओसी घरी पडलीय."

"मग ऑफिसातच भेटू की. तुमचापण हेलपाटा वाचंल."

"ऑफिसात कशाला? माझ्यावर विश्वास नाही का?"

मास्तर शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात तसं म्हणाले, "तसं नाही, माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही." पलीकडून फोन कट झाला. पाच मिनिटांनी परत आला, भाव 30 झाला होता.

---

सुईदोरा

"माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही" हे काढा. कुठलाही टेलर असं बोलत नाही, हे टेलरबद्दल लिहिणारे बोलतात. माझे वडील "बरं, बघू" म्हणाले असते आणि फोन ठेवला असता.

---

नीलकांत_बार्शी

काढलं. "बरं, बघू."

---

खारीबिस्कीट

आणि मास्तरांना गाडी कधी मिळणार? 38 मध्ये काय येतं, पानावाले?

---

पाना_पक्कड

आठ-दहा वर्षांची, एकाच मालकाची, कागद मोकळे असलेली येते. दिसायला साधी. वर चार-पाच हजार हातात ठेवायचे, क्लचचे शू, बेल्ट आणि बॅटरी धरून. मास्तर बार्शीत पाच-सात किलोमीटर फिरणार, त्यांना तेवढी बास. पण पंधरा वर्षांच्या जवळ आलेली नको, नोंदणीचं नूतनीकरण गळ्यात पडतं. आणि मागचं कॅरियर आधी बघून घ्या, गाठोडं मावलं पाहिजे.

---

निरागस_नाग्या

पानावाले, माझी 2018ची मग मास्तरांना चालेल का? एनओसी आणतो.